अंतिम फेरीत दोघांचे गुण सारखे आले तर? वक्तृत्व स्पर्धा घेणाऱ्यांचे वारंवार येणारे प्रश्न

इंदूरमध्ये गणेशोत्सव जवळ आला की सुदामानगरापासून रामबागेपर्यंत मराठी मंडळांच्या वक्तृत्व स्पर्धांची तयारी सुरू होते. मी बरीच वर्षं अशा स्पर्धांमध्ये गुणांची बेरीज करायला बसतो, त्यामुळे मंडळांचे कार्यकर्ते, शाळांमधल्या बाई आणि कधी कधी पालकही मला एकाच गोष्टीबद्दल विचारत राहतात: गुण सारखे आले तर काय करायचं? त्यातले पुन्हा पुन्हा येणारे प्रश्न इथे एकत्र केले आहेत. उत्तरं तीन परीक्षकांच्या शालेय मराठी वक्तृत्व स्पर्धेपुरती आहेत. प्रत्येक परीक्षकाकडे १०० गुण असतात: आशय ४०, भाषा आणि उच्चार ३०, सादरीकरण ३०.

१. टाय झाला असं नेमकं कधी म्हणायचं?

तिन्ही परीक्षकांच्या गुणांची ३०० पैकी एकूण बेरीज दोघांची सारखी आली तरच. हे वेगळं सांगावं लागतं, कारण बरीच मंडळं बेरजेऐवजी सरासरी काढतात आणि ती पूर्णांकात लिहितात. एकाला २४४ मिळाले तर सरासरी ८१.३३ येते, दुसऱ्याला २४३ मिळाले तर बरोबर ८१ येते. दोन्हीकडे ८१ लिहिलं की टाय दिसतो, पण तो खरा नसतो. पहिल्याने एका गुणाने स्पर्धा जिंकलेली असते. संगणकावर तक्ता केला असेल तर दशांशाचे आकडे लपलेले असू शकतात, तेही बघा.

टाय दिसला की सर्वांत आधी तीन परीक्षकांचे मूळ कागद घेऊन दुसऱ्या माणसाकडून बेरीज करून घ्या. पहिल्या माणसाने आपलीच बेरीज पुन्हा तपासली तर तीच चूक तो पुन्हा करतो, हा माझा स्वतःचा अनुभव आहे. घाईत ७ चा १ वाचला जातो. एखादा निकष बेरजेत घ्यायचा राहतो. मी पाहिलेल्या टायपैकी काही याच टप्प्यावर मिटले आहेत.

२. नियम आधीच का ठरवायचा? टाय झाल्यावर शांतपणे बसून ठरवला तर काय बिघडतं?

एक प्रसंग सांगतो. ओळख पटू नये म्हणून आकडे बदलले आहेत, पण त्यांचा कल तोच ठेवला आहे. अंतिम फेरीत ७ क्रमांकाची एक मुलगी होती आणि ११ क्रमांकाचा एक मुलगा. गुण असे आले:

| | आशय | भाषा, उच्चार | सादरीकरण | एकूण |
|---|---|---|---|---|
| ७: पहिले परीक्षक | ३४ | २२ | २४ | ८० |
| ७: दुसरे परीक्षक | ३३ | २३ | २२ | ७८ |
| ७: तिसरे परीक्षक | ३५ | २४ | २७ | ८६ |
| ७ ची बेरीज | १०२ | ६९ | ७३ | २४४ |
| ११: पहिले परीक्षक | ३२ | २६ | २४ | ८२ |
| ११: दुसरे परीक्षक | ३१ | २५ | २४ | ८० |
| ११: तिसरे परीक्षक | ३० | २७ | २५ | ८२ |
| ११ ची बेरीज | ९३ | ७८ | ७३ | २४४ |

आता नियम निवडून बघा. आशयाचे गुण बघितले तर मुलगी जिंकते, १०२ विरुद्ध ९३. भाषेचे बघितले तर मुलगा जिंकतो, ७८ विरुद्ध ६९. एका परीक्षकाने दिलेले सर्वाधिक गुण बघितले तर मुलगी, ८६ विरुद्ध ८२. किती परीक्षकांनी कोणाला वर ठेवलं हे बघितलं तर मुलगा, कारण पहिल्या दोघांनी त्याला प्रत्येकी दोन गुणांनी वर ठेवलं आहे. सादरीकरण बघितलं तर पुन्हा टाय. यातला कोणताही नियम वेडगळ नाही. प्रत्येकाच्या बाजूने चांगलं कारण देता येतं.

म्हणूनच अडचण होते. हा कागद समोर असताना जो कोणी नियम सुचवेल, तो प्रत्यक्षात विजेता सुचवत असतो, त्याच्या मनात तसं असो वा नसो. त्या वर्षी टेबलाभोवती पाच जण होते. कोणीतरी म्हणालं, "भाषेचे गुण बघू या, मराठीचीच स्पर्धा आहे ना." सगळ्यांनी माना डोलावल्या, मीही डोलावली. कोणाच्या मनात खोट नव्हती. मुलगी हिंदी माध्यमातली होती आणि घरी आजीकडून मराठी शिकली होती. निकालानंतर तिचे वडील आले. आवाज न चढवता त्यांनी एवढंच विचारलं, "हा नियम कुठे लिहिलाय?" आमच्याकडे दाखवायला कागद नव्हता.

मी पुढे ५ व्या प्रश्नात जो नियम सुचवला आहे, त्यानेही त्या वर्षी मुलगाच पहिला आला असता. निकाल तोच राहिला असता, पण वडिलांना उत्तर देता आलं असतं, आणि त्या मुलीला आपण भाषेपायी हरलो असं वाटलं नसतं.

३. "आधी" म्हणजे किती आधी?

प्रवेशपत्राबरोबर जी नियमावली जाते, तिच्यात छापलेला असणं सर्वांत चांगलं. मुलांना आणि त्यांना शिकवणाऱ्यांना तयारीच्या वेळीच कळतं. नियमावली वाटून झाली आणि तेव्हा लक्षात आलं, तर स्पर्धेच्या सकाळी परीक्षकांच्या बैठकीत ठरवा, कागदावर लिहा, तिघांच्या सह्या घ्या आणि पहिला स्पर्धक उभा राहण्याआधी माइकवरून वाचून दाखवा.

पहिलं भाषण सुरू झालं की दार बंद. कारण बेरीज झालेली नसली तरी परीक्षकांना कोण पुढे आहे याचा अंदाज यायला लागलेला असतो. प्राथमिक आणि अंतिम फेरी वेगवेगळ्या दिवशी असेल, तर अंतिम फेरीचा नियम प्राथमिक फेरीच्या आधी ठरलेला हवा. अंतिम फेरीत कोण आलं हे कळल्यावर "उत्स्फूर्त भाषण घेऊ" असं ठरवलं, तर उत्स्फूर्त बोलण्यात कोण वाकबगार आहे हे सगळ्या शहराला माहीत असतं.

४. टाय सोडवायला कोणता निकष आधी घ्यावा, आशय की भाषा?

आधी एक साधी गोष्ट. बेरीज सारखी असताना जो आशयात नऊ गुणांनी पुढे आहे, तो बाकी सगळ्यात मिळून बरोबर नऊ गुणांनी मागे असतोच. म्हणजे निकषाने टाय सोडवणं हे कोण चांगलं बोललं याचं मोजमाप राहत नाही. आपल्या स्पर्धेला काय जास्त मोलाचं वाटतं याची ती घोषणा असते. घोषणा करायची तर ती आधी आणि उघडपणे करावी.

२०१२ च्या लंडन ऑलिंपिकमध्ये अमेरिकेच्या ॲली रेझमनला हे दोन्ही बाजूंनी अनुभवावं लागलं. जिम्नॅस्टिक्सच्या वैयक्तिक सर्वांगीण प्रकारात तिची आणि रशियाच्या अलिया मुस्ताफिनाची बेरीज ५९.५६६ अशी सारखी आली. नियम होता की चार साधनांपैकी सर्वांत कमी गुणांचं साधन वगळायचं आणि उरलेल्या तिघांची बेरीज बघायची. मुस्ताफिनाची एक कसरत फारच बिघडली होती. तीच वगळली गेल्यामुळे कांस्यपदक तिला मिळालं. काही दिवसांनी बॅलन्स बीमवर रेझमन आणि रुमानियाची कातालिना पोनोर यांचे गुण सारखे आले. तिथे सादरीकरणातल्या अचूकतेचे गुण बघायचा नियम होता, आणि त्या वेळी कांस्य रेझमनला मिळालं. दोन्ही नियम आधीपासून पुस्तकात होते, म्हणून दोन्ही निकाल टिकले.

आपल्याकडे निकषच लावायचा असेल तर माझं मत आशयाच्या बाजूने आहे. ४० गुण देऊन आपणच त्याला सर्वांत मोठा निकष म्हटलेलं असतं. भाषा आणि उच्चार पहिला ठेवायला मी कचरतो, आणि त्याचं कारण इंदूरचं आहे. इथली बहुतेक मुलं शाळेत हिंदी किंवा इंग्रजीत शिकतात. "जवळ" म्हणताना ज हिंदीसारखा येतो आणि ळ चा ल होतो. त्याचे गुण परीक्षकांनी एकदा कापलेले असतात, ते योग्यच आहे. पण टाय सोडवतानाही भाषाच धरली की घरात आणि शाळेत मराठी असलेल्या मोजक्या मुलांना दुसऱ्यांदा झुकतं माप मिळतं. एखाद्या मंडळाची स्पर्धा शुद्ध उच्चारासाठीच असेल तर गोष्ट वेगळी. मग भाषेला पहिला मान द्या, पण नियमावलीत ठळक छापा.

५. मग तुम्ही स्वतः कोणता नियम सुचवता?

गुणपत्रकावर एक रकाना वाढवा: "क्रम". प्रत्येक परीक्षकाने सगळे स्पर्धक झाल्यावर आपल्यापुरते १, २, ३ असे क्रम लिहायचे. अट एकच, दोघांना एकच क्रम देता येणार नाही. परीक्षकाच्या स्वतःच्या कागदावर दोघांना सारखे गुण असले तरी कोण वर हे त्याने ठरवायचं. हे सगळं बेरजेच्या आधी, एकमेकांचे कागद न बघता.

टाय झाला की तीन परीक्षकांपैकी ज्याला दोघांनी वर ठेवलं तो पहिला. परीक्षक तीन आहेत आणि कोणालाही बरोबरी लिहिता येत नाही, म्हणून दोघांमधला टाय इथे हमखास सुटतो. नुसते गुण बघून बहुमत काढलं तर तसं होत नाही. एका परीक्षकाने दोघांना सारखे गुण दिले आणि उरलेल्या दोघांची मतं उलटसुलट पडली, तर परत तिथेच येतो.

दुसरा फायदा थोडा खोलवरचा आहे. बेरीज सारखी असताना ज्याला दोन परीक्षकांनी वर ठेवलं आहे, त्याला तिसऱ्याने त्या दोघांच्या फरकाच्या बेरजेइतकं खाली ठेवलेलं असतंच. वरच्या तक्त्यात पहिल्या दोघांनी ११ ला दोन-दोन गुणांनी वर ठेवलं, तिसऱ्याने ७ ला चार गुणांनी. काही परीक्षक हात मोकळा ठेवून गुण देतात, काही ७८ ते ८२ च्या बाहेर जातच नाहीत. बेरजेत मोकळ्या हाताच्या परीक्षकाचं मत जास्त वजनदार ठरतं. क्रमाने टाय सोडवला की तिघांचं वजन सारखं होतं.

कागद गोळा करताना एकच तपासा: परीक्षकाचे क्रम त्याच्याच गुणांशी जुळतात ना? ८२ वाल्याला दुसरा आणि ८० वाल्याला पहिला क्रम दिसला, तर बेरीज सुरू करण्याआधी कागद त्यांना परत द्या आणि दुरुस्तीवर सही घ्या. बेरीज झाल्यावर एकही कागद परत जाता कामा नये.

६. परीक्षक ज्येष्ठ असतात. टाय झाला तर त्यांनीच चर्चा करून ठरवावं, हे बरं नाही का?

चर्चेत तीन मतं तीन राहत नाहीत. पुण्याहून आलेल्या नावाजलेल्या परीक्षकांसमोर आपल्या शहरातली शिक्षिका सहसा वेगळं मत मांडत नाही. तिच्या कागदावर मात्र ते मत स्वच्छ लिहिलेलं असतं. शिवाय चर्चेच्या वेळी एकूण गुण सगळ्यांना दिसत असतात, म्हणजे २ ऱ्या प्रश्नातली अडचण तशीच उभी राहते.

परीक्षकांच्या अनुभवाचा मान राखायचा असेल तर क्रमाचा रकाना तेच करतो. त्यांचं मत घेतलं जातं, फक्त एकमेकांचं ऐकण्याआधी घेतलं जातं. परीक्षकांना हे सकाळी समजावून सांगितलं तर कोणी नाराज झालेलं मी पाहिलेलं नाही.

७. ज्याने वेळ पाळली त्याला पुढे ठेवावं का?

नको. पाच मिनिटांच्या वर गेल्यास गुण कापायचा नियम बहुतेक ठिकाणी असतोच. तो कापलेला गुण बेरजेत आलेला असतो. त्याच चुकीसाठी दुसरी शिक्षा होऊ नये. आणि वेळेचे गुण कापायचा नियम नसेल, तर चार मिनिटं पन्नास सेकंद आणि चार मिनिटं चाळीस सेकंद यात चांगलं काय, हे कोण सांगणार?

८. वयाने लहान असलेल्याला द्यावं का? लोकांना ते आवडतं.

आवडतं खरं. पण जन्मतारीख भाषणाबद्दल काही सांगत नाही. एकाच गटात पाचवी ते सातवीची मुलं असतील, तर लहान मुलांसाठी वेगळा गट करा. टायच्या वेळी वयाचा विचार नको.

९. दोघांना पुन्हा बोलायला लावलं तर?

हे न्याय्य होऊ शकतं, पण लोक समजतात तितकं सोपं नाही. पाठ केलेलं भाषण आणि उत्स्फूर्त भाषण ही दोन वेगळी कौशल्यं आहेत. मुख्य स्पर्धा तयारीच्या भाषणाची असेल आणि टाय दोन मिनिटांच्या उत्स्फूर्त बोलण्याने सुटणार असेल, तर मुलांना ते प्रवेशाच्या वेळीच कळायला हवं.

करायचंच असेल तर दोघांना एकच विषय द्या. वेगळे विषय दिले की एकाला सोपा गेला ही तक्रार येणारच. विषयाची पाकिटं आधी बंद केलेली असावीत. पाकीट बंद आहे हे दोन्ही मुलांना दाखवा, पण फोडून विषय आधी पहिल्यालाच सांगा; तयारीला दोघांनाही तीन मिनिटं द्या. दुसऱ्याने वेगळ्या खोलीत बसायचं, तिथे सभागृहाचा आवाज पोचता कामा नये. पहिला मंचावर गेल्यावरच त्याला विषय सांगा आणि त्याची तीन मिनिटं सुरू करा, नाहीतर त्याला पाच मिळतात. कोणी आधी बोलायचं हे नाणेफेकीने ठरवा. शेवटी परीक्षकांकडून नवे गुण मागू नका, फक्त कोण वर एवढंच लिहून घ्या. नवे गुण जुन्या बेरजेत मिळवले की कधी कधी तिसऱ्या क्रमांकाचा पालक उभा राहतो आणि विचारतो, माझ्या मुलाला ही संधी का नाही?

रात्री साडेनऊला, दमलेल्या दोन मुलांकडून हे करून घ्यायला मला बरं वाटत नाही.

१०. सरळ "प्रथम क्रमांक विभागून" दिला तर चालेल ना?

चालेल, आणि शालेय स्पर्धेत तो पूर्णपणे सन्मानाचा निकाल आहे. २०२१ मध्ये टोकियो ऑलिंपिकच्या उंच उडीत कतारचा मुताझ बर्शिम आणि इटलीचा जानमार्को ताम्बेरी दोघेही २.३७ मीटर पार करून थांबले. दोघांच्या चुकलेल्या उड्याही सारख्याच होत्या. पुढे आणखी उड्या मारून निकाल लावता आला असता, पण तसं न करता दोघांनी सुवर्ण वाटून घेतलं. लक्षात घ्या, तिथे वाटून घेण्याची मुभा नियमातच होती.

आपल्याकडेही तसंच हवं. विभागून देणार असाल तर पुढच्या तीन गोष्टी आधी लिहा. पैसे कसे वाटायचे: पहिलं बक्षीस ५००० आणि दुसरं ३००० असेल, तर दोन्ही मिळून ८००० होतात आणि दोघांना ४००० येतात. नुसते ५००० वाटले तर प्रत्येकी अडीच हजार होतात, म्हणजे पहिल्याला दुसऱ्यापेक्षा कमी. त्यानंतरचा स्पर्धक तिसरा धरायचा, दुसरा नाही. आणि फिरती ढाल: सहा-सहा महिने दोन शाळांकडे, कोणाकडे आधी हे नाणेफेकीने.

पुढच्या फेरीला एकालाच पाठवायचं असेल, किंवा शिष्यवृत्ती एकच असेल, तर मात्र विभागून चालत नाही. तिथे ५ वा प्रश्न.

११. चिठ्ठी टाकणं म्हणजे मुलांच्या मेहनतीचा अपमान नाही का?

पहिला उपाय म्हणून टाकली तर आहे. परीक्षकांचं मत हाताशी असताना ते बाजूला ठेवून नशिबाकडे जायचं कारण नाही. सगळं करूनही टाय राहिला आणि एकालाच पाठवायचं असेल, तर शेवटची पायरी म्हणून चिठ्ठी प्रामाणिक असते, कारण ती कोणाची बाजू घेत नाही. सारख्याच कागदाच्या, सारख्याच घडीच्या दोन चिठ्ठ्या, दोन्ही मुलं आणि पालक समोर, आणि ज्याने चिठ्ठ्या लिहिल्या त्याने उचलायची नाही.

१२. परीक्षकांपैकी एक जण स्पर्धकाच्या बाई किंवा नातेवाईक निघाले तर?

इंदूरचं मराठी वर्तुळ लहान आहे, हे दरवर्षी होतं. फक्त त्या एका मुलाचे गुण त्यांनी देऊ नयेत, असा तोडगा काढला जातो. पण मग एकाची बेरीज २०० पैकी आणि बाकीच्यांची ३०० पैकी होते, आणि सरासरी काढून ती जुळवताना १ ल्या प्रश्नातल्या चुका घुसतात. चौथा राखीव परीक्षक सकाळपासून बसवून ठेवणं हा उत्तम उपाय. तो नसेल तर त्या परीक्षकांचे सगळ्याच स्पर्धकांचे कागद बाजूला ठेवा आणि उरलेल्या दोघा परीक्षकांच्या गुणांवर स्पर्धा घ्या.

तेव्हा एक फरक पडतो. दोन परीक्षकांत क्रम एकास एक होऊ शकतो, मग क्रमाचा रकाना टाय सोडवत नाही. म्हणूनच त्याच्यामागे दुसरी पायरी, आशयाची बेरीज, लिहून ठेवलेली हवी. बरीच मंडळं एकच पायरी लिहितात आणि नेमकी अशा वर्षी अडकतात.

१३. तिघांचे गुण सारखे आले तर क्रमाने सुटेल का?

बहुतेक वेळा. ज्याला उरलेल्या दोघांपैकी प्रत्येकाच्या वर दोन परीक्षकांनी ठेवलं असेल, तो पहिला. पण एक चक्रही होऊ शकतं. पहिल्या परीक्षकाचा क्रम अ, ब, क. दुसऱ्याचा ब, क, अ. तिसऱ्याचा क, अ, ब. दोघांच्या मते अ हा ब च्या वर, दोघांच्या मते ब हा क च्या वर, आणि दोघांच्याच मते क हा अ च्या वर. इथे बहुमत गोल फिरतं, त्यात कोणाची चूक नसते.

अशा वेळी दुसऱ्या पायरीवर जा: आशयाची बेरीज ज्याची जास्त तो पहिला. मग उरलेल्या दोघांचा दुसरा क्रमांक कसा काढायचा? इथे लोक भांडतात. काही म्हणतात आशय सुरू झालाय तर आशयच पुढे चालवा, काही म्हणतात आता दोघेच उरले, पुन्हा क्रमाकडे जा. दोन्ही पद्धतींनी दुसरा क्रमांक वेगळा येऊ शकतो. मी पुन्हा क्रमाकडे जायच्या बाजूचा आहे, कारण दोघांतला टाय क्रमाने सोडवायचा हा आपलाच पहिला नियम आहे. आशयातही दोघे वर बरोबरीत राहिले तर त्या दोघांनाही क्रमच लावायचा. तुम्ही काहीही निवडा, पण हे एक वाक्य नियमावलीत असू द्या.

१४. नियम लिहिलेला नव्हता, टाय झालाय, सभागृहात लोक बसलेत. आता काय?

विभागून द्या. या क्षणी कोणताही नवा नियम निवडणं म्हणजे मुलगा किंवा मुलगी निवडणं आहे. ज्याने गुण पाहिलेले नाहीत अशा कोणाला बोलावून त्याच्याकडून नियम निवडून घ्यावा, असं कोणी सुचवतं. पण त्याला बोलावणाऱ्याने गुण पाहिलेले असतात, आणि चेहऱ्यावरून बरंच कळतं.

बक्षिसाचे पैसे १० व्या प्रश्नाप्रमाणे वाटा. घोषणा करताना गुण सारखे आले आणि सोडवायचा नियम आमच्याकडे लिहिलेला नव्हता, हे माइकवरून सांगा. एकालाच पुढे पाठवायचं असेल तर ११ व्या प्रश्नाप्रमाणे सर्वांसमोर चिठ्ठी.

१५. नियम आधी ठरला होता, पण त्याने लागलेला निकाल आम्हालाच चुकीचा वाटतोय. बदलावा का?

या वर्षी नाही. १४ जुलै २०१९ ला लॉर्ड्सवर क्रिकेट विश्वचषकाच्या अंतिम सामन्यात इंग्लंड आणि न्यूझीलंड दोघांच्या २४१ धावा झाल्या. सुपर ओव्हरमध्येही दोघांच्या १५. मग ज्यांचे चौकार-षटकार जास्त ते विजेते या नियमाने इंग्लंडला चषक मिळाला, २६ विरुद्ध १७. जगभर लोक हळहळले, कारण चौकार जास्त मारणं म्हणजे चांगलं खेळणं हे कोणालाच पटत नव्हतं. तरी निकाल तोच राहिला. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये नियम बदलला: इथून पुढे निकाल लागेपर्यंत सुपर ओव्हर होत राहील.

आपणही तसंच करावं. निकाल जाहीर करा, काय खटकलं ते त्याच आठवड्यात कार्यकारिणीच्या इतिवृत्तात लिहा, आणि पुढच्या वर्षीची नियमावली छापायच्या आधी बदला. वर्षभराने कोणाला काही आठवत नाही.

१६. नियमावलीत जसाच्या तसा छापता येईल असा मजकूर द्याल का?

हा आम्ही वापरतो. तुमच्या निकषांप्रमाणे शब्द बदलून घ्या:

"विजेते ३०० पैकी एकूण गुणांवर ठरतील, सरासरी काढली जाणार नाही. एकूण गुण समान आल्यास बेरीज दुसऱ्या व्यक्तीकडून पुन्हा तपासली जाईल. तरीही समान राहिल्यास परीक्षकांनी बेरजेपूर्वी स्वतंत्रपणे लिहिलेले क्रम पाहिले जातील आणि ज्या स्पर्धकाला समान गुणांच्या इतर प्रत्येक स्पर्धकाच्या वर जास्त परीक्षकांनी ठेवले असेल तो पुढचा मानला जाईल. त्यानेही निर्णय न झाल्यास आशय या निकषाचे एकूण गुण पाहिले जातील. तिघे किंवा अधिक स्पर्धक समान असताना एक वेगळा झाल्यास उरलेल्यांसाठी पुन्हा क्रमापासून सुरुवात होईल. यानंतरही समान राहिल्यास क्रमांक विभागून दिला जाईल आणि संबंधित बक्षिसांची रक्कम एकत्र करून सारखी वाटली जाईल. पुढील फेरीसाठी एकाचीच निवड करायची असल्यास ती सर्वांसमोर चिठ्ठी टाकून होईल. पहिले भाषण सुरू झाल्यानंतर या नियमांत बदल होणार नाही."